नाखव्याची भांग

१० फेब्रुवारी, सकाळी ६.४०
वेळ मुद्दाम नोंदवते. होडी खाडीकाठी चिखलात कलंडलेली. तिचा मालक, इथे नाखवा म्हणतात, तोंड धूत होता. विचारले, समुद्रातल्या किल्ल्यावर कधी नेणार? म्हणाला, "भांग हाय बाई. आता काय चढायचं नाय."
सातच्या आत भांग, वर चढत नाही ही तक्रार.
लातूरच्या महिला मंडळाला होडीतला फोटो पाठवणार असे सांगून आले आहे. तेवढ्याला मुक्कामाचा एक आठवडा पुष्कळ झाला.

११ फेब्रुवारी
संकल्प: रोज चार किलोमीटर चालणे. आज अर्धा. वाळू सरकते.
घरमालकिणीकडे ताजे बोंबील मागितले. म्हणाली, भांगात डोलजाळी लावत नाहीत, पाण्याला ओढ नसते, सुके खा. म्हणजे बायकांचीही संमती आहे. सुक्या बोंबलाची चटणी तीनदा घेतली. निषेध म्हणून कौतुक केले नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार
पाहणी केली. पुरुष सावलीत जाळी शिवतात, होडीच्या तळाला तेल लावतात. हात स्थिर. सवय झालेली असणार.
माझ्यासोबत आलेली धाकटी बहीण मनिषा त्यांच्यात बसून गाठ मारायला शिकली. मला म्हणते, "अक्का, अष्टमीच्या पुढंमागं भरती कमी चढते, तिला भांग म्हन्तेत. पुनवेच्या उधाणाला वर ओढलेली होडी आता अवसेच्या उधाणालाच तरंगती. लई सोपं हाय."
पाण्याला कोणी भांग म्हणते का? शिवाय लातूरच्या माणसाला पाणी शिकवू नये. अठ्ठावीस वर्षे मुख्याध्यापिका होते. चेहरा पाहून कळते.

१५ फेब्रुवारी
नाखव्याच्या नशेविरुद्ध बंदराच्या कार्यालयात द्यायच्या तक्रारीचा चौथा मसुदा. 'अंडर द इन्फ्लुअन्स'ला मराठीत वजन येत नाही. रविवार, कार्यालय बंद. चालणे रद्द.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी नाखव्याचा निरोप: होडी सव्वाअकराला तरंगेल, लगेच निघावे लागेल. मनिषा म्हणाली, "चल की अक्का, कागद उद्या दे." उद्या सहाला परतीची गाडी आहे. तत्त्व आधी.
दहाला बंदराच्या कार्यालयात. क्लार्कने अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, "मॅडम, भांगेवर कारवाई करता येते. भांगावर कोणी करायची?" मग दुसरी प्रत मागितली, मग शिक्का शोधला. पोच मिळाली ११.२५ला.
काठावर पोचले तेव्हा चिखलाच्या जागी कमरेइतके पाणी. होडी पार खाडीच्या तोंडाशी. मनिषा हात हलवत होती. नाखवा सरळ उभा होता.
संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. चौतीस अंगठे. त्यातला एक माझा, चुकून.
तक्रार मागे घेतलेली नाही. विषय बदलला आहे: अर्जदार आपल्याच कार्यालयात रांगेत उभी असताना भरती का येऊ दिली, याचा खुलासा व्हावा. २ मार्च, सायंकाळी पाचच्या आत. लेखी.