शेळके साहेब पाठमोरे

माले, ता. मुळशी
२९ जून २००८

प्रिय जुई,

फोनवर बोलता आलं असतं. काल दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा तुझ्या जेवणाची, डब्याची, ऑफिसच्या बसची चौकशी करून ठेवून दिला. जे सांगायचं ते जिभेवर आलं की माझा आवाज बारीक होतो, घाईचा होतो, शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर होतो तसा. त्या आवाजात हे तुला सांगायचं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. बसले म्हणते खरी, पण मघापासून तीनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा उगाच दारापर्यंत, एकदा कशाला ते आठवत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे जो कार्यक्रम झाला त्याबद्दल आहे. तू हैदराबादहून मुद्दाम आली होतीस. कैलास भाऊजींचं म्हणणं, माझं दुसरं लग्न असलं तरी रीतीनं व्हावं, गावात आपलं नाव आहे, माणसं येऊन बसली पाहिजेत, पोहे झाले पाहिजेत. शेळके साहेबांची बहीण तुळजाबाई परभणीहून आली, तिचंही तेच. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं रेशमी साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर यायचं आणि सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं तिला नाव विचारायचं. दोन वर्षं तो माणूस मला ओळखत होता. तरी विचारलं. आणि मी सांगितलंही.

तू काय पाहिलंस ते मला ठाऊक आहे. देवीच्या वणांचा चेहरा, पुढे आलेले दात, कालच काळे केलेले केस, कडक इस्त्रीचा सफारी. बाबांच्या फोटोखालच्या खुर्चीवर गुडघ्याला गुडघा लावून, मुठी मांड्यांवर ठेवून, टीपॉयकडे बघत बसलेला माणूस. हसताना हात तोंडावर. अत्तर इतकं की तुला शिंका आल्या. मग स्वयंपाकघरात तू माझ्या कानाशी म्हणालीस, "आई, बाबांच्या फोटोखाली हे बसलेत. तुला चालतंय?" मी मान हलवली. नाही चालत. तुला हायसं वाटलं, ते तुझ्या खांद्यांवरून दिसलं.

पण जुई, मी त्यांच्या चेहऱ्यासाठी मान हलवली नव्हती. तो चेहरा मी दोन वर्षं रोज बघत होते, त्याचं मला काही नव्हतं. झालं असं, की बाहेर जो बसला होता त्याला मी ओळखलंच नाही. माझ्या मनात जे दोन वर्षं हळूहळू साचलं होतं ते त्या अर्ध्या तासात कुठे गेलं, कळेना. मीच घाबरले. वाटलं, एकटेपणानं भास झाला असणार. दुसऱ्या दिवशी कैलास भाऊजींकडून नकार पाठवला. तू समाधानानं परत गेलीस आणि मला झोप येईना.

तुला माहीत नाही ते आता सांगते. दोन वर्षांपूर्वी कृषी खात्याचे हे नवे साहेब दोरी घेऊन आपल्या खाचरात आले. भाताची लावणी दोरी ताणून, खुणेवर करायची, रोपांच्या चार चुडांच्या मधोमध खताची गोळी दाबायची, हे शिकवायला. मी शाळेतून आले तेव्हा ते पाठमोरे होते, चिखलात पोटरीपर्यंत. मी पहिल्यांदा आवाज ऐकला. मोठा नव्हता, गोडही नव्हता. सकाळी बोलल्यावर थोडा घोगरा राहतो तसा. पण त्याला घाई नव्हती. वाक्य संपताना खाली येऊन टेकायचं, पाटी जमिनीवर ठेवावी तसं, आणि मग ते थांबायचे. समोरची बाई बोलेल म्हणून खरंच थांबायचे. बायकांशी बोलताना बहुतेक पुरुष एकतर आवाज चढवतात नाहीतर लाडीक करतात. यांचा होता तसाच राहिला. लावणीतल्या रत्नाबाईनं काही विचारलं तर नुसती मान वळवून नाही, कमरेपासून सगळे तिच्याकडे वळले. पाय आधी वळले. हात उघडे, तळवे दिसतील असे. मग तिचं ऐकताना छातीतून एक "हं" निघाला आणि मी बांधावर चप्पल हातात धरून उभी राहिले ती राहिलेच.

तोंड नंतर दिसलं. तोवर उशीर झाला होता, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर मी स्वतःवर पाळत ठेवली. आवाजाच्या जोरावर फसवणारी माणसं काय कमी असतात? गोड बोलून जमिनींच्या कागदांवर अंगठे घेणारे आपल्या रस्त्याला रोज गाडीतून येतात. म्हणून मी आवाजाबरोबर बाकीचं बघत राहिले. घड्याळाकडे न बघता म्हाताऱ्या कुशाबांचं गाऱ्हाणं ऐकतात का. चिडले की आवाज कुठे जातो. पाऊस लांबला आणि रोपं पिवळी पडली, तेव्हा गावातले चारजण त्यांच्यावर ओरडले. ते दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहिले, खांदे सैल, एक पाऊल मागे नाही की पुढे नाही, आणि आवाज आणखी खाली आला. त्यात काही देखावा नव्हता. अंग आणि शब्द एकच सांगत होते. मला वाटतं, माझा विश्वास तिथे बसला.

माझ्या अंगानं काय केलं ते मला रत्नाबाईनं सांगितलं. चुडा लावता लावता, मान वर न करता. "बाई, सायेब दिसायच्या आदीच तुमची मान वर हुतीया. निस्ता आवाज आला तरी पाठ सरळ. आन् त्यांनी कमरंवर हात ठिवला का तुमी बी ठिवताय. आमी काय आंधळ्या हाय व्हय?" सगळ्या बायका हसल्या. मी तिला कामाकडे लक्ष दे म्हणाले. पण त्या दिवसापासून बांधावरून दोघं चाललो की मला दिसायचं, पावलं एका तालात पडतात. मी मुद्दाम ताल मोडायची. चार पावलांत पुन्हा जुळायचा.

आणि वास. हे आईनं लेकीला लिहावं का, कळत नाही, पण अर्धं सांगून उपयोग नाही. एकदा त्यांचा खांद्यावरचा टॉवेल आपल्या ओट्यावर राहिला. त्याला चिखलाचा, उन्हात वाळलेल्या सुताचा, कपड्याच्या साबणाचा आणि घामाचा वास होता. रत्नाबाई नाक मुरडून म्हणाली, युरियाचा वास मारतुया, धुऊन टाका. तिला तसाच आला असणार. वास सगळ्यांना सारखा येत नाही, एकाला नको वाटतो तो दुसऱ्याला आपल्या घरचा वाटतो, त्याला काही कारण देता येत नाही. मी तो धुतला नाही. दोन दिवस दोरीवर वाऱ्याला ठेवला आणि जाता येता त्याच्या बाजूनंच जात राहिले. बाबा गेल्यावर त्यांचे शर्ट मी ट्रंकेत ठेवले होते, तुला आठवत असेल. पहिल्या वर्षी झाकण उघडलं की ते यायचे. मग डांबरगोळ्यांचा वास उरला. चेहरा फोटोमुळे राहिला गं. आवाज सगळ्यात आधी गेला. बाबा मला हाक कशी मारायचे ते मी आता कितीही प्रयत्न केला तरी कानात आणू शकत नाही. तू त्या फोटोचं नाव काढून विचारलंस ना, तेव्हा मनात हेच आलं होतं, की तुझ्याकडे बाबांचं फक्त तोंड आहे. माझ्याकडे आणखी बरंच होतं, ते गेलं.

नकारानंतर तीनेक आठवड्यांनी मी पौडच्या स्टँडवर उभी होते. मागून कुणीतरी कुणाला तरी बियाणं मिठाच्या पाण्यात कसं बुडवायचं, तरंगलेलं का काढून टाकायचं ते सांगत होतं. मी काही विचार करायच्या आत वळले होते. मान नाही, सगळी. पाय आधी. आणि तेव्हा मला कळलं की मे महिन्यात आपल्या बैठकीत काय झालं होतं. भीतीनं त्यांचा आवाज चढला, पळत सुटला, एकही वाक्य खाली टेकलं नाही. मुठी, गुडघे, झुकलेली छाती, सगळं अंग दार लावून बसलं होतं. वासावर अत्तर ओतलं होतं. मला ज्यानं ज्यानं ओढलं होतं ते सगळं घरी ठेवून फक्त तोंड घेऊन ते आले होते, आणि तेही लपवत. त्यांच्या तरुणपणी फोटो बघूनच मुली नकार कळवायच्या, हे मला नंतर कळलं. म्हणून लग्न राहिलं. बघायला जायचं म्हटलं की त्यांचं अंग अजून असं होतं.

माझं तरी काय वेगळं झालं होतं? मीही खांदे आत घेऊन, पदर गच्च धरून, कोणा दुसऱ्याच बाईच्या आवाजात नाव सांगितलं.

स्टँडवर त्यांनी मला पाहिलं आणि बोलता बोलता आवाज पुन्हा वर गेला, हात तोंडावर आला. मी जवळ गेले. एवढंच म्हणाले, "साहेब, आमची लावणी राहिलीय. दोरी घेऊन या." मग हात खाली आला.

परवा ते रोपं बघायला आले होते. बांधावर, माझ्याकडे न बघता, त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या घरात मला तुम्ही सापडलाच नाहीत. मी इकडं तिकडं बघत होतो." मी त्यांना सांगितलं, मीही तुम्हाला शोधत होते. आणि मग जे विचारायचं ते त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले.

हो म्हणाले, जुई. हे पत्र परवानगीसाठी नाही. पण तू त्यांना एकदाच पाहिलं आहेस आणि ते पाहणं खोटं होतं, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. तू मनातून नाही म्हणालीस तरी मी हे करीन, आणि मग आयुष्यभर तुझ्या आवाजात ते ऐकत राहीन. तू बोलून दाखवणार नाहीस, मला माहीत आहे. तुझे खांदे दाखवतील.

येत्या शनिवारी लावणी आहे. ये. घरी येऊ नकोस, मी पोहे करणार नाही, खुर्ची मांडणार नाही. पिशवी रत्नाबाईच्या ओट्यावर टाक आणि सरळ खाचराकडे ये. ते चिखलात असतील, पाठमोरे, दोरीचं एक टोक हातात. हाक मारू नकोस. ते वळून बघण्याआधी थोडा वेळ बांधावर नुसती उभी राहा आणि ऐक. मग त्यांनी तुला पाहिलं की आवाज वर जाईल, हात तोंडाकडे जाईल. तेव्हा त्यांच्याबद्दल काही विचारू नकोस. दोरी कशाला ताणायची, एवढं विचार, आणि थांब. आवाज खाली येईपर्यंत थांब. मी पलीकडच्या बांधावर असेन. तुमच्याकडे बघणार नाही, पण तुझे पाय कुठे वळतात ते मला कळेल.

वाट बघणारी, तुझीच
आई