तिचे पावणेचार, माझे साडेचार

३ जून
वरच्या मजल्यावरच्या फिजिओला कडक मंगळ आहे. सातव्या घरात. तिचे बाबा आमच्या चष्म्याच्या दुकानात आले होते, तेव्हा कळलं. मुलगा मंगळाचाच हवा म्हणे. माझा मंगळ तिसऱ्यात, म्हणजे बिनकामाचा. पण हार मानायची नाही. लग्न करीन तर तिच्याशीच.

५ जून
मामांना पत्रिकांचा नाद आहे. ते म्हणाले, नुसत्या मंगळाला काय धरून बसलात, पापसाम्य बघा. मंगळ, शनी, रवी, राहू, केतू यांपैकी कोण पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या घरात बसलाय ते मोजायचं. लग्नापासून, म्हणजे पत्रिकेतल्या पहिल्या घरापासून, मोजताना सापडला तर एक गुण, चंद्रापासून अर्धा, शुक्रापासून पाव. मुलाची बेरीज मुलीइतकी किंवा जराशी जास्त असली की जमलं. कोणाकोणाचे गुण वेगळे असतात, पण मामांचे हेच.

८ जून
मामांना दाखवायला म्हणून तिच्या बाबांकडून पत्रिका मागून घेतली. तिची बेरीज पावणेचार. आता माझी. शनी लग्नातच, रवी बारावा, राहू चौथा: तीन. चंद्रापासून रवी आठवा, राहू बारावा: एक. शुक्रापासून रवी दुसरा, केतू बारावा: अर्धा. साडेचार! इतका पापी असेन असं वाटलं नव्हतं. ऊर भरून आला.

१४ जून
वर जाऊन तिच्या बाबांना सगळं समजावलं. स्वतःचं नाव काढलं नाही. घाई करणारा माणूस हलका वाटतो. ती खुर्ची ओढून जवळ बसली. मुलाला मंगळ नसला तरी खरंच चालतं का, असं दोनदा विचारलं. आणखी काय हवं?

२१ जून
बाबांना पटलं. उद्या विषय काढतो. शर्ट इस्त्रीला दिलाय.

२२ जून
तीच दुकानात आली. हातात पत्रिका. तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची. दोन वर्षं चाललंय म्हणे, फक्त मंगळ आडवा येत होता. बाबांचा आता माझ्याच बेरजेवर विश्वास आहे, तेव्हा मीच मोजावं.
मोजलं. राहूला एक घर सरकवलं असतं तर कोणाला कळलं असतं? पेन तिथं थांबलंही. पण ती समोर बसून नखं खात होती.
चार. तिच्यापेक्षा फक्त पाव जास्त. परत मोजलं, पुन्हा चारच. माझ्यापेक्षा चांगलं जुळतं.
सांगितलं. तिने माझा हात धरला आणि रडली. एक लेन्स उलटी बसवली आज.

२ जुलै
वर साखरपुडा. गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. बाबा ज्याला त्याला सांगत होते, गाठ सोडवली ती या पोराने. मी गमतीत म्हटल्यासारखं म्हणालो, माझे साडेचार भरतात. त्यांनी पाठीवर थाप मारली. काळजी करू नकोस म्हणाले, तुलाही शोधू एखादी चार-सव्वाचारवाली.
पावणेचारवाली शेजारीच उभी होती. मनापासून हसली. मीही हसलो. मग खाली आलो, दार लावलं आणि खूप रडलो.