डावी वेणी
मोताळा, ६ जानेवारी १९६४
डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला. सुशीलेच्या छातीत उजवीकडे डाग. क्षयच. रोज सुई, आराम, अंडी-दूध. आणि कुसुमला जवळ घ्यायचं नाही. सात वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.
सु.ने औषधाचं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाली, "मंग तिच्या येण्या कोन घालंन?"
"वेण्या मी घालीन," म्हटलं. डॉक्टर हसले. मला राग आला.

७ जाने.
थंडीनं खोबरेल गोठलेलं. वाटी तशीच चुलीवर ठेवली, तेल धुरकटलं, जळका वास. ते ओतून दिलं, दुसरं काढलं. घाईत तळवा भरून डोक्यावर थापलं, तर कपाळावरून ओघळ डोळ्यांत. मग कंगवा टाळूपासून खाली ओढला. मध्येच गुंता. पुन्हा ओढला. कुसुम किंचाळली, मी पाठीत धपाटा घातला.
कंगव्यात केसांचा पुंजका. शाळेत पाढे घेताना तोच डोळ्यांसमोर. हात उचलायला नको होता.

९ जाने.
शेजारच्या अनसूयाकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मास्तर, कापून टाका न केस! पोरीचे हायेत, वाढतीन परत. कायले आंगावर घेता?" चांगल्या मनानं म्हणाल्या. पण त्यांची नात चार दिवस आमच्या अंगणात आली नाही, आणि त्या स्वतःही कुंपणापलीकडेच.
खोटं कशाला लिहू, मला ते पटलं होतं. कात्री शोधून ठेवली.
ओसरीच्या टोकाला सु.ची बाज. तिथून आवाज आला, "कात्री ठेवून द्या. मी जित्ती हाय न अजून?"

१० जाने.
आजपासून शिकवणी. बाई बाजेवर, विद्यार्थी अंगणात तुळशीपाशी. कुसुम माझ्यापुढे पाटावर, आईकडे पाठ करून. तसंच बसवायचं ठरवलं, म्हणजे सु.ला केस दिसतील आणि खोकला आलाच तर पोरीच्या तोंडावर नाही.
"वाटी गरम पान्यात ठेवा. चुलीवर नाई. बोटाची अग्रं बुडवा, तळवा नाई. भांग पाडा, भांगात तेल जिरवा, मंग बाजूनं. आता केस मधी मुठीत धरा घट. मुठीच्या खाली इंचरा. आंधी शेंडे, मंग वर वर या. मूठ धरली म्हंजे ओढ टाळूले बसत नाई."
खरंच बसली नाही. कुसुम ओरडली नाही.
पण वेणीला आलो आणि घोटाळा केला. आम्ही शेतकऱ्याची पोरं, अंबाडीचा दोर वळत वाढलेली. तीन पेड केले आणि हाताला सवय म्हणून प्रत्येक पेडाला आधी चांगला पीळ दिला, मग गुंफले. हात सोडताच वेणी गरकन उलटी फिरली आणि शेपटीसारखी वर वळून उभी राहिली.
सु. एवढी हसली! "बैल बांधता का तिच्यानं?" हसता हसता खोकला, मग थांबेना. पदराला लाल. कुसुमनं मागं वळून पाहायला नको म्हणून मी तिचं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं. कानाखाली तिची शीर उडत होती.
हसवलं मीच.

१४ जाने. संक्रांत
पीळ विसरायला शिकलो. पेड चपटे ठेवायचे. उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून, प्रत्येक वेळी बाहेरचाच आत येतो. कानामागचे पहिले पेच घट्ट, खाली हात हलका. रिबीन शेवटी बांधली की घसरते. वेणी अर्ध्यावर आली की रिबिनीचा एकेक पदर पेडात धरून गुंफायचा, मग दुमडून कानाशी फूल.
कुसुमनं तिळगूळ आईच्या बाजेच्या पायाशी ठेवला आणि पळत परत आली. जेवढं चालतं तेवढंच. तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

१९ जाने. रविवार
न्हाणं. केस पूर्ण वाळेपर्यंत उन्हात बसलो दोघं. ओल्या केसांना तेल लावलं की वास धरतो, हे आता माहीत आहे. कुसुम शाळेतल्या गमती सांगत होती. एवढं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. उन्हात पाठ शेकत होती, बोटांना तेल, मला फार बरं वाटत होतं. ओसरीवर बायको रक्त थुंकते आहे आणि मला बरं वाटतं आहे. लाज वाटली.

२१ जाने.
आज भांग नाकाच्या रेषेत सरळ, दोन्ही वेण्या सारख्या. सु.कडे पाहिलं, शाबासकी मिळेल म्हणून. तिनं तोंड भिंतीकडे केलं.
मग कळलं. तिच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

२२ जाने.
मुद्दाम भांग वाकडा पाडला. एक वेणी कानामागून, एक मानेवर. सु. बाजेवर उठून बसली, "आरे देवा, इतकं शिकवलं तरी!" खूप बोलली. चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा वाटलं, बरं केलं.

२४ जाने.
तिसरा दिवस वाकड्या भांगाचा. कुसुमच म्हणाली, "बाबा, आंधी तं चांगली घातली होती. आता काऊन अशी घालून राह्यले? पोरी हासतात मले."
ओसरीवरून सु. हळू आवाजात, "पोरीले हासू करता माह्यासाठी? मले असं खेळवू नोका हो."
भांग मोडून पुन्हा पाडला. दोघींशीही खोटा वागलो.

३० जाने.
वजन उतरलंच. डॉक्टर म्हणतात, बुलढाण्याला दवाखान्यात ठेवा. परवा नेणार.

१ फेब्रु.
सकाळी सु. म्हणाली, "एक येणी मी घालतो. एकच. पोरगी पाठमोरीच राहीन. तोंडाले पदर बांधतो, हात साबणानं धुतो."
मी डॉक्टरांचं सांगितलं. ती म्हणाली, "मले मालूम हाय. इचारून राह्यली तुमाले."
तिनं हट्ट केला असता तर नाही म्हणालो असतो. विचारलं म्हणून अडकलो.
हो म्हणालो.
उजवी मी, डावी तिनं. बाजेच्या कडेवर बसून. तेलाची बोटं टाळूवर फिरवली तशी कुसुमनं मान मागं टेकवली, आईच्या गुडघ्यावर. मी "पुढं हो" म्हणायला हवं होतं. सु.च्या बोटांत जोर नव्हता, पेच सैल पडत होते. तिला दिसत होतं. तिनं परत घातली नाही.
दुपारच्या मोटारीनं बुलढाणा. कुसुम काकूंच्या ओट्यावर उभी होती. काकूंनी तिला जवळ घेतलं होतं, हे लिहून ठेवतो.

४ फेब्रु.
कुसुम उजवी सोडू देते, डावीला हात लावू देत नाही. वरूनच तेल लावतो. शाळेत एका मास्तरांनी कुसुमच्या वेण्या पाहून विचारलं, घरी आरसा नाही का म्हणून. हसलो.
ती शिंकली तरी कपाळाला हात लावून बघतो. एका वेणीपायी मी पोरीचं काय करून बसलो? आणि नाही म्हणालो असतो तर सु. बुलढाण्याला कोणत्या मनानं गेली असती? दोन्हीकडून मीच.

९ फेब्रु. रविवार
डावी पार विस्कटली. आत गुंता, खाज. न्हायला पाहिजे म्हटलं. वाटलं होतं रडेल. पाटावर बसली आणि स्वतःच रिबीन सोडली, एकेक पेच उलगडला. मला मधे येऊ दिलं नाही. न्हाली. ऊन उतरेपर्यंत केस वाळवले.
मग म्हणाली, "आता आईसारखी घाला."
घातली. तिनं हातानं चाचपली. "ही तुमची हाय."
सोडली. हात सैल ठेवून घातली, तर मानेशी आल्यावर सगळी सुटली. "अशी बी नाई. आईची ढिल्ली होती पन सुटत नोती."
पुन्हा सोडली. काकू कुंपणाशी येऊन विचारून गेल्या, जेवले का म्हणून. कुसुम पाठमोरी, हलत नाही. केस माझ्या मुठीत आहेत, चौथ्यांदा तीन पेड करतो आहे, पहिला पेच किती ढिला ठेवायचा ते काही केल्या कळत नाही.