पेट्या बसवल्या जातील

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. वय झालं की राग निवतो असं सगळे सांगतात. माझा निवला नाही. काल नातीचा गृहपाठ घेताना ती म्हणाली, ‘कप, चमचे आणि बश्या धुतल्या.’ हे वाक्य तुम्ही आम्हाला सातवीत फळ्यावर लिहून दिलं होतं. निर्जीव वस्तूंची रांग असली, लिंगं वेगवेगळी असली, की क्रियापद शेवटच्या वस्तूच्या मागे जातं. खडूची धूळ झटकत तुम्ही म्हणाला होतात, की घरात आई कशी बोलते ते ऐका, तुमचं व्याकरण तिथेच आहे.

शाळा सोडून तुम्ही अंधेरीच्या पंपांच्या कंपनीत मराठी पत्रव्यवहार बघायला लागलात आणि पुढे मलाही तिथे चिकटवलंत. ते उपकार मी नाकारत नाही. मराठी टाइपरायटर चालवणारी मी एकटी, मसुदे लिहिणारे तुम्ही एकटे. ऐंशीच्या दशकात नगरपालिकांशी मराठीतच लिहावं लागे आणि आमच्या शेठना मराठी बोलता यायचं, पण वाचताना घाम फुटायचा. म्हणून तुमचा शब्द शेवटचा. प्रत्येक प्रस्तावाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात आधी मसुदा लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची, ही तुम्हीच लावलेली शिस्त. काही चुकलं तर कोणाला धरायचं ते कळलं पाहिजे, असं म्हणायचात.

कोकणातल्या त्या नगरपालिकेच्या प्रस्तावाच्या वेळी तुम्ही मला हाक मारलीत. ‘अगं, हा मसुदा तू कर. रेघेच्या दोन्ही बाजूंना तुझीच अक्षरं टाक. पुढच्या महिन्यात तुझं पर्मनंटचं बघणार आहेत, शेठना दिसू दे.’ मी त्या दिवशी चारकोपला घरी जाताना बाबांसाठी जिलबी घेतली होती. गिरणी बंद पडल्यापासून ते घरीच होते, माझ्याच पगारावर घर चालायचं.

आपल्याकडे नवा प्रस्ताव कोरा लिहायचा नाही, जुना समोर ठेवून बदलायचा. जुन्यात होतं, ‘चार पंप, चार मोटारी व इतर यंत्रे आठ दिवसांत बसवली जातील.’ तिथे ते बरोबरच होतं, कारण शेवटी यंत्रे. या नगरपालिकेला नियंत्रण पेट्या हव्या होत्या, म्हणून मी यंत्रे काढली, ‘दोन नियंत्रण पेट्या’ घातल्या आणि शेपूट बदलली: बसवल्या जातील. प्रती छापायची मेणकागदाची स्टेन्सिल टाइपरायटरवर कापून तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून ती उजेडात धरलीत. ते तुमचं मान हलवणं मला अजून दिसतं.

‘बसवल्या चुकलं. बसवली कर.’

‘सर, शेवटी पेट्या आहेत ना. पेट्या बसवल्या.’

‘पंप पुल्लिंगी, मोटारी आणि पेट्या स्त्रीलिंगी. मिसळ झाली की नपुंसकलिंगी अनेकवचन. नवरा-बायको आली म्हणतेस की नाही?’

‘ती माणसं झाली, सर. वस्तूंना तो नियम नाही. कप, चमचे आणि बश्या धुतल्या. तुम्हीच शिकवलंत.’

‘मी असं काही शिकवलेलं नाही.’

‘सातवीत. फळ्यावर.’

‘तू मला शिकवणार आता? गेली सहा वर्षं हे वाक्य असंच जातंय.’

‘त्यात शेवटी यंत्रे होती. तुम्ही शेवटचा शब्द बघाच ना. नाहीतर सरळ ‘बसवण्यात येतील’ करू, लिंगाचा प्रश्नच राहणार नाही. किंवा ‘ही सर्व सामग्री बसवली जाईल’ करू, एकवचनात.’

तुम्ही क्षणभर त्या शब्दावर बोट ठेवलंत. तुम्हाला कळलं होतं, सर. तुमचं बोट थांबलं होतं त्या पेट्यांवर. मग तुम्ही शेजारच्या टेबलांकडे पाहिलंत, सगळे माना खाली घालून ऐकत होते, आणि म्हणालात, ‘जास्त शहाणपणा नको. बसवली कर.’ आवाज ऐकून शेठ बाहेर आले. ‘अरे काय लफडा आहे? दोघं बसून ठरवा ना, चारची टपाल गाडी चुकली तर वाट लागेल.’ तुम्ही हसून म्हणालात, ‘काही नाही, मुलगी शिकतेय.’

शिकतेय! मी चूक बुजवायचा लाल द्राव ब्रशने ‘ल्या’वर लावला, फुंकर मारून वाळवला, रोलर मागे घेऊन त्या जागी ‘ली’ बडवलं. ‘ली’ला ‘ल्या’पेक्षा कमी जागा लागते, त्यामुळे तिथे एक पोकळी राहिली आणि शंभर प्रतींत ती तशीच छापली गेली. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘गप ऱ्हव गो. आधी पर्मनंट हो, मगे भांड.’ दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी मशीनवर बसले.

तीन आठवड्यांनी प्रस्ताव परत आला. तिथल्या अधिकाऱ्याने त्या ओळीखाली तांबडी रेघ मारून समासात लिहिलं होतं, भाषा तपासून पुन्हा पाठवावे. पुन्हा पाठवेपर्यंत समितीची बैठक होऊन गेली आणि काम दुसऱ्याला मिळालं. शेठनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तुम्ही त्यांच्या खुर्चीशेजारी उभे होतात. शेठनी तळाचा कोपरा बोटाने ठोकला. दोन्हीकडे मी. ‘एक ओळ नीट लिहिता येत नाही, आणि पर्मनंट?’ माझी पर्मनंटची फाइल बंद झाली. मला आवक-जावक नोंदी करायला बसवलं आणि दोन वर्षं मी पत्रांवर शिक्के मारले. केबिनमध्ये शेठ मला बोलत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात माहीत आहे? खिडकीच्या गजावरची धूळ रुमालाने पुसत होतात. मी तुमच्याकडे पाहत होते आणि तुम्ही गज पुसत होतात. हा माणूस मला भाषा शिकवतो, असं मी आठ वर्षं सगळ्यांना सांगत आले होते, आणि त्याला एक वाक्य बोलता आलं नाही.

नंतर मी दुसरीकडे गेले, बरं झालं माझं. तुमच्या शेवटच्या आजारात कोणीतरी निरोप आणला होता, सरांनी तुला भेटायला बोलावलंय. मी गेले नाही. मुद्दाम गेले नाही. तुम्ही काय बोलला असतात कोण जाणे. कदाचित त्या ओळीबद्दल काही नसतंच. पण मला तुम्हाला तेवढंही द्यायचं नव्हतं.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली आहे, नवऱ्याला, मुलीला, नंतरच्या ऑफिसांतल्या मुलींना. ऐकणारा प्रत्येक जण तुमच्यावर चिडतो आणि मला बरं वाटतं. एक गोष्ट मात्र दर वेळी गाळते. केबिनमध्ये शेठनी मला सरळ विचारलं होतं, ‘मास्तरांनी बघितलं होतं का पाठवायच्या आधी?’ तुम्ही शेजारीच होतात. मी म्हणाले, ‘नाही, शेठ. मीच केलं सगळं.’ मला खात्री होती की ते ऐकून तुम्ही लगेच बोलाल. मी तुम्हाला बोलण्यासाठी जागा करून दिली असं मी स्वतःला सांगते, पण खरं म्हणजे, सर, शेठसमोर, तुमच्या तोंडावर तुमची चूक सांगायची मला त्या दिवशी भीती वाटली.