सांबाराचं मीठ

मुलुंड,
१० ऑगस्ट २०२५

ती. सौ. जयंतीमावशीस,
मानसीचा सा. न. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. ब्रेलचं टपाल पोस्टात फुकट जातं म्हणून तू दहा-दहा पानं पाठवतेस आणि मी ती जपून वाचते. आईने नेहमीप्रमाणे पाकीट हातात दिलं आणि विचारलं, एवढं काय लिहिते गं ती? मी म्हटलं, तुझ्या चहाड्या. मी सहा वर्षांची असताना तू माझ्यासाठी ब्रेल शिकलीस, आई मात्र अजून म्हणते की आपल्याला ते ठिपके जमायचे नाहीत. त्यामुळे खुशाल लिही.

बातमी मोठी आहे. बँकेत मला बढती मिळतेय, पण नाशिकला जावं लागेल. १० सप्टेंबरपर्यंत होकार कळवायचा आहे. आई एकच प्रश्न धरून बसली आहे : तिथे खाशील काय? मी चहा करते, कुकर लावते, पोळ्या लाटते, पण ती सतत मागे उभी असते, त्यामुळे तिच्या हिशेबी ते सगळं तिनेच केलेलं असतं. शेवटी बाबांनी तोडगा काढला. यंदा गणपतीचा अख्खा नैवेद्य मी एकटीने करायचा. पंधरा माणसं, मोदकांपासून काळ्या वाटाण्याच्या सांबारापर्यंत. जमलं तर नाशिक. आई कबूल झाली आहे, पण तिच्या आवाजावरून वाटतं की ती माझ्या हरण्याची वाट बघतेय.

मोदकांची मला भीती नाही. भीती मिठाची. नैवेद्याचं कोणी चाखत नाही ना! तुझी युक्ती लवकर कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मानसी

कुडाळ,
१६ ऑगस्ट

चि. मानसीस,
अ. उ. आ.

अगो, चाखत नाहीत ते डोळसांनाही लागू आहे. त्या दिवशी सगळ्याच बायका आंधळ्या. मी तर आयुष्यभर मिठाचा अंदाजच घेत आलेय. तू अंदाज घेऊ नकोस, माप घे. एकच छोटा चमचा ठरव, बोटाने सपाट कर. त्याआधी दोनदा आपल्या रोजच्या जेवणात तेवढंच सांबारं करून बघ, म्हणजे माप पक्कं होईल. काळे वाटाणे कुकरला लावतानाच मीठ घाल, नंतर पुन्हा नाही. घातलं की चमचा उलटा करून ठेव. म्हणजे काम झालं, हे हाताला कळतं.

खोबरं भाजताना कान दे. आधी ते उलथन्याखाली ओलं, जड वाटतं. मग सुटं होऊन खुळखुळायला लागतं. वास खमंग आला की गॅस बंद, एक मिनिट थांबलीस तर कडू होईल. आणि सणासुदीची साफसफाई झाली की डबे तपास. तुझी आई झटकताना सगळं हलवते.

तुझं बोट कापलं तरी रडायचं नाही, पण मोदक फुटला तर रडायला माझी परवानगी आहे.

तुझ्या मोदकांची वाट बघणारी,
जयंतीमावशी

मुलुंड,
२८ ऑगस्ट

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी हरले. आधी जिंकले, ते सांगते.

पहाटे अंघोळ करून स्वयंपाकघरात शिरले. भांडं आधी थंड बर्नरवर ठेवायचं, हाताने मधोमध आहे ना बघायचं आणि मगच पेटवायचं, हे तुझंच. उकडीला जितकं पीठ तितकंच पाणी, त्यात तूप आणि चिमूटभर मीठ. पाण्याचा आवाज बुडबुड्यांवरून खळाळण्यावर आला तेव्हा पीठ घातलं, ढवळून झाकण ठेवलं, तीन मिनिटांनी उतरवलं. हात भाजेल एवढी गरम उकड मळली. बाहेरच्या खोलीत बसून मोदक वळायला घेतले. कळ्या पाडताना, जेवायला लवकर आलेले दशरथकाका शेजारी येऊन म्हणाले की या अगदी सारख्या कशा, मापाने घातल्या का? मी त्यांना सांगितलं, बोटांना मोजायची सवय आहे. अकरा कळ्यांच्या खाली एकही मोदक नाही. हळदीच्या पानावर वाफवले, ओलं बोट लावलं तर चिकटला नाही, म्हणजे झाले.

पुऱ्यांना बाबा घाबरले होते. मी कढईच्या काठाने पुरी सोडली, तेलाचा जोराचा चुरचुराट मंदावला की झाऱ्याने उलटली. एकही थेंब उडाला नाही.

आणि मग पंगतीत काकांनी सांबाराचा घास घेऊन तोंडावर सांगितलं की मीठ फार पडलंय. बाबा पाणी प्यायले. मी खाल्लं, मावशी, खारटढाण होतं. आई पुऱ्या वाढत राहिली. चमचा मी उलटा ठेवला होता. नक्की? नंतर तो हाताला सरळच लागला. आता मला आठवतं ते खरंच आहे की मी समजूत घालून घेतेय, तेच कळेना. जी स्वतःच्या हातावर भरवसा ठेवू शकत नाही तिने परगावी जाऊ नये. मी बँकेला नकार कळवणार आहे.

रागावू नकोस. लोभ धर.
मानसी

मुलुंड,
२८ ऑगस्ट, संध्याकाळ

प्रिय जयंतीस,
स. न. वि. वि.

तुला फोन न करता हे पेनने लिहितेय, मानसीला हे ऐकू जाणार नाही आणि वाचताही येणार नाही म्हणूनच, आणि त्याचीच मला लाज वाटतेय.

मीठ मी घातलं. ती बाहेर मोदक वळत होती, सांबारं गॅसवर उकळत होतं. तिने मीठ घातलेलं मी पाहिलंच नव्हतं. म्हटलं, विसरली असेल, पंधरा माणसांत पोरीची फजिती होईल. चाखता तर येत नाही. घातला एक मोठा चमचा. तो उलटा ठेवलेला चमचाही मीच नकळत सरळ करून ठेवला.

पंगतीत बोलणार होते गं. पण क्षणभर वाटलं, बरं झालं, आता नाशिकला जाणार नाही. तेवढ्याने तोंड बंद झालं. सकाळपासून ती डबे हातात घेऊन मीठ-साखर चिवडतेय, पुन्हापुन्हा मोजतेय. मला बघवत नाही.

तू तिला कळवलंस तर मी रागावणार नाही.

तुझी,
मीरा

कुडाळ,
१ सप्टेंबर

प्रिय मीरास,
स. न. वि. वि.

मी काही कळवणार नाही. मीठ तू घातलंस, तोंडही तूच उघड. दोघींची पत्रं एकाच दिवशी मिळाली. मी चुलीसमोर बसून रडले आणि मग तुला चार शिव्या दिल्या.

पोर गेली की घर रिकामं होईल, हे खरं. पण तिने आपल्याच हातावरचा विश्वास घालवला तर ती तुझ्याजवळ राहूनही उपयोग नाही. अनंत चतुर्दशीला तिला पुन्हा करू दे. आणि शंका आली ना मीरा गो, तर विचार. घालू नकोस, विचार.

तुझी भांडकुदळ बहीण,
जयंती

मुलुंड,
८ सप्टेंबर

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईने गुरुवारी सांगितलं. भाजी निवडत होतो, तीही आणि मीही खाली बघून, माझ्या बाबतीत ते आपलं उगीच. मी तिच्याशी अख्खा एक दिवस बोलले नाही. मग रात्री तिच्या ताटात वरण वाढलं आणि विचारलं, मीठ घालू का वरून? ती हसली आणि रडली, मग मीही.

अनंत चतुर्दशीला पुन्हा तेच सांबारं केलं, तेवढंच माप. वाटाणे शिजताना चमचा उलटा केला आणि यावेळी तो उलटाच राहिला. दशरथकाका दोनदा मागून वाढून घेऊन गेले. आज बँकेला होकार कळवला. नाशिकला जाताना तोच चमचा नेणार आहे, आईने स्वतः घासून माझ्या पिशवीत टाकलाय.

पण खरी गोष्ट स्वयंपाक चालू असतानाची. सांबारं उकळत होतं. आई दाराशी आली, तिच्या पैंजणांवरून कळलं. पैंजण तिथेच थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने विचारलं, मीठ घातलंस का गं?

मी म्हटलं, घातलंय.

आणि ती बाहेर जाऊन बसली.

माया अशीच पोस्टाने येत राहू दे,
तुझी मानसी