पिवळी ठिगळं

ग्वाल्हेर,
९ फेब्रुवारी २०१२

चि. यशोधनास आशीर्वाद.

छापील पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. मीच टाइप केलंय, एका बोटाने, कॉम्प्युटरवर, अक्षरं-चित्रं काढायच्या त्या कोरलमध्ये. फाँट हिंदीवाल्यांचा, त्यात ळ कुठल्या बटणाखाली दडवलाय ते सापडेपर्यंत एक दुपार गेली. हाताने का नाही लिहिलं, असं विचारशील. ते पुढे येईल.

थंडी अजून हटलेली नाही. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण पाटणकर बाजारात भाजीला जायचं ती सोडत नाही.

तुझा निरोप तिच्याकडून कळला. इंदूरला स्वतःचं दुकान, फ्लेक्सचं मशीन, सगळं झालं म्हणे. आणि दुकानावर बोर्ड मात्र पत्र्याचा हवा, बाबांच्या हातचा. चार वर्षं मी फोन उचलला की तू "आईला द्या" एवढंच म्हणत होतास. याच मशीनवरून आपलं फाटलं, आणि आता त्याच मशीनच्या डोक्यावर माझा ब्रश फिरायला हवा! मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

तर उत्तर असं, की तुझा बोर्ड मी रंगवणार नाही.

आई म्हणाली, "अहो, पोरगा स्वतःहून बोलतोय नं, आता तरी जिद्द सोडा." जिद्दच समज तूही. मला सोयीचं आहे.

मी कोरल शिकलो हे तिने सांगितलंच असेल. हौसेने नाही. शिंदे की छावनीपासून इंदरगंजपर्यंत ज्यांचे बोर्ड मी लिहिले ते एकेक करून फ्लेक्सवर गेले. संध्याकाळी सांगा, सकाळी लोखंडी चौकटीवर ताणून तयार. कोण थांबणार माझा ऑइलपेंट वाळेपर्यंत? शेवटी इंदरगंजच्या एका फ्लेक्सवाल्याने बोलावलं, "दादा, आप बस अक्षर बनाओ." त्याच्याकडे गरिमा नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसते, तुझ्याहून लहान. तिने शिकवलं. रेघ ओढायचीच नाही, हे मला महिनाभर पटेना. वळण जिथे फिरतं तिथे टिचकी मारून ठिपका ठेवायचा, मग ठिपक्याला फुटलेल्या दांड्या ओढून गोलाई आणायची. ठिपके कमी, तेवढी गोलाई स्वच्छ. मी जिथे तिथे ठिपके पेरायचो आणि माझा "ग" खडबडीत रस्त्यासारखा दिसायचा. ती म्हणायची, "अंकल, इतने नोड क्यों?" नोड म्हणजे हेच ठिपके.

दिवाळीआधी दौलतसिंहचं काम आलं. छावनीतला हार्डवेअरवाला. त्याचा बोर्ड मी तुझ्या जन्माच्या वर्षी लिहिला होता, पिवळ्या जमिनीवर निळी अक्षरं, तुला आठवत असेल. त्याला तशीच अक्षरं फ्लेक्सवर हवी होती, वीस फुटांत. गरिमा म्हणाली, जुन्या बोर्डाचा फोटो घेऊ. मी म्हटलं, मी मेलोय का? नवीन लिहितो. कागदावर लिहिलं, तिने स्कॅन केलं, मी त्याच्यावरून ठिपके ठेवले. अक्षरांचे काठ लहरत होते. आणि हे यंत्र असं इमानी, की अक्षर वीसपट केलं की लहरही वीसपट होते.

मग मी काय केलं असेल? पेंटर करतो तेच. पत्र्यावर काठ बाहेर गेला की आपण जमिनीचा रंग घेऊन तो कापत आणतो, तुला मीच शिकवलं आहे. तसे जमिनीच्याच पिवळ्या रंगाचे तुकडे करून मी प्रत्येक काठावर बसवले. पडद्यावर अक्षर सुरीने कापल्यासारखं दिसू लागलं. गरिमालाही कळलं नाही. पत्र्यावर तर मी दोनतीन वर्षं हेच करत होतो. शेवटच्या बोर्डांवर अक्षरापेक्षा पिवळा रंगच जास्त लागला.

दौलतसिंह आला, खूश झाला. म्हणाला, "बहुत बढ़िया दादा. बस ज़मीन पीली नहीं, सफेद कर दो." गरिमाने मागची चौकट निवडली आणि पांढऱ्यावर टिचकी मारली.

जमीन पांढरी झाली. माझे तुकडे पिवळेच राहिले. प्रत्येक निळ्या अक्षराभोवती ठिगळंच ठिगळं, कुठे बोटभर, कुठे नखाएवढी, जिथे जिथे हात हलला तिथे तिथे. यशोधन, भर बाजारात धोतर सुटावं तसं झालं मला.

"ये क्या है, दादा?" दौलतसिंह म्हणाला.

गरिमाने झटकन पिवळी जमीन परत आणली आणि म्हणाली, "सिस्टम हैंग हो रहा है भैया, आप शाम को देख लेना." तो गेला. मग तिने माउसवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. "अंकल, कब से है?" मी म्हटलं, "क्या कब से?" ती एवढंच म्हणाली, "ऊपर से ढको मत. काटो." आणि ट्रिम शिकवलं. तुकडा आधी निवडायचा, मग अक्षर, ट्रिम दाबायचं आणि तुकडा फेकून द्यायचा. अक्षराचा काठ खरोखर कापला जातो. मागे कुठलाही रंग टाका, काही उघडं पडत नाही. तिची दया मला सोसली नाही. त्या दिवशी मी तिचा चहा घेतला नाही.

शेवटी जुन्या बोर्डाचा फोटोच घेतला. त्याच्यावरून अक्षरं उचलली, कमीत कमी ठिपक्यांत. ठिपका सरकवायला माउस लागत नाही, बाणाचं बटण दाबलं की तो केसभर सरकतो. बोट थरथरलं तरी केसभरच. ज्या यंत्राला मी शिव्या घातल्या त्याला हात लागतच नाही, म्हणून त्याने मला ठेवून घेतलं. याचा मला आनंद झालेला नाही. फ्लेक्स लागला तेव्हा दौलतसिंह जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होता, "दादा का हाथ आज भी वही है." मी त्याचा पेढा खाल्ला आणि घरी आलो.

डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत. ब्रश परत देणारी गोळी नाही म्हणाला. आईला हे ठाऊक नाही, असं मी धरून चालतो. ती माझा चहाचा कप हल्ली अर्धाच भरते.

सोबत सीडी आहे. तुझ्या दुकानाचं नाव दौलतसिंहच्या त्याच जुन्या बोर्डावरच्या अक्षरांत बांधलं आहे. तिथे नव्हती ती अक्षरं त्यांच्याच वळणाने जोडली. सगळं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत आहे, फाँट लागणार नाही. पोटातले गोल कम्बाइन करून खरी भोकं केली आहेत, रंग भरून नाही. रंग काढून नुसत्या रेघांत मी तपासलं, ठिगळ एकही नाही. मागे हवी ती जमीन टाक.

पत्र्यावरच हवा असेल, तर पूर्ण मापात छापून घे, कागदामागे खडू चोळून पत्र्यावर उतरव, आणि तिथल्या एखाद्या पेंटरकडून रंग भरून घे. आधी त्याचा हात बघ.

खालची सही हाताची नाही. तीही त्याच बोर्डाच्या कोपऱ्यातून उचलली आहे. तेव्हाचा,

तुझा बाबा
रमाकांत