मीठ मी एकदाच घातलं

भाद्रपद शु. ४, बुधवार

गणपती बसले. मला काम : दूर्वा निवडणे. दरवर्षी तेच. एकवीस-एकवीसच्या जुड्या करायच्या आणि पाटावर गप्प बसायचं.

मुंबईच्या शाळेतून येऊन दीड वर्ष झालं. तिथे चाळीस मुलींचं पिठलं-भात आम्हीच करायचो, सगळ्या न दिसणाऱ्या. इथे मला चहा, वरण, फार तर भाकरी. आज आईला पुन्हा म्हटलं, यंदा वहिनी माहेरी आहे बाळंतपणाला, गौरीचा स्वयंपाक मला करू दे. "बघू" म्हणाली. या घरात "बघू" मला म्हणतात, गंमतच.

संध्याकाळी काकू आल्या (वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, धाकट्या भावाची बायको, पलीकडच्या आळीत राहतात). श्रावणात पडल्यापासून उजवं मनगट सुजलेलं, तरी डबे आवरून गेल्या. जिरं मोहरीच्या जागी. पुन्हा सगळे उघडून वास घेत बसले.

शु. ५, गुरुवार

आईने थोडं पुरण करायला दिलं. परीक्षाच. हरभऱ्याची डाळ चिमटीत धरून दाबली, मऊ झाली पण मधे कणी लागली, आणखी शिजवली. कट गाळून बाजूला. गूळ घातल्यावर सैल होतं, मग घट्ट होत जातं. कालथा मधोमध उभा करून हात सोडला, पडला. थोड्या वेळाने परत. उभा राहिला. आई म्हणाली, "हं." बस्स, हं.

हे सगळं ब्रेलमध्ये, ठिपके टोचून लिहिते आहे. घरात ही लिपी कुणाला येत नाही, म्हणून मोकळं लिहिता येतं.

शु. ७, शनिवार

दुपारी गौरी आल्या आणि संध्याकाळी आई बाजूला बसली. मागच्या पडवीत. आता तीन दिवस स्वयंपाकघरात पाऊल नाही, शिवाशिव नाही. उद्या गौरीजेवण, पंधरा पानं.

नाना म्हणाले, कुणातरी बाईला बोलवू. काकू म्हणाल्या, हात धड असता तर मीच केलं असतं. मी म्हटलं मी करते. मग काकू म्हणाल्या, "अगं, नैवेद्याचं आहे. केस पडला, मुंगी पडली, तुला कळणार आहे का?"

खरं होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. तांदूळ, डाळ मी बोटांनी निवडते. पण अळूवरची कीड मला कळत नाही. तसं सांगितलं, की अळू तुम्ही निवडा, बाकीचं मी करते. पडवीतून आई बोलली, "कुसुम करील." नाना "ठीक आहे" म्हणाले, पण कसं म्हणाले ते मला ऐकू आलं.

शु. ८, रविवार

पहाटे अंघोळ, सोवळ्याचं लुगडं. पदर कमरेला घट्ट, बाही दंडावर खोचली. केस फडक्यात बांधले.

आधी मांडामांड. नैवेद्याचं चाखायचं नाही, आणि माझा तर निम्मा स्वयंपाक जिभेवर. म्हणून मीठ आधीच वाट्यांत मापून ठेवलं. उरणचं जाडं मीठ, चमच्याने सपाट करून. डावीकडून क्रमाने : वरण, अळू, कोशिंबीर, भजी, आमटी. मीठ घातलं की वाटी उपडी. म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. काकूंना सांगितलं, वाट्यांना हात लावू नका. "बरं बाई" म्हणाल्या.

पुरण साधलं. गरम असतानाच यंत्रातून काढलं, गार झालं तर फिरत नाही. कणीक सैल, तेलात मुरवलेली. उंडा भरून तांदळाच्या पिठीवर लाटायचं, डाव्या हाताच्या बोटांनी कड चाचपत. पुरण कडेपर्यंत गेलं की कड जाड लागते, राहिलं तर पातळ पापुद्रा. पहिली फाटली, तव्यावर गूळ जळला. तवा पुसला. दुसरी बरी. उलटायची कधी ते वासावर, आणि उलथन्याने कड हलकी सुटते का त्यावर. पाचवीला मनगट तव्याला लागलं. गप्प राहिले. ओरडले असते तर सगळे धावले असते आणि उलथनं गेलं असतं हातातून कायमचं.

पडवीतून आई : "कुसुम, तूप करपतंय." नव्हतं करपत, पिठी जळत होती. तिलाही नुसता वासच. दहा वेळा हाका. शेवटी म्हटलं, आई, जरा गप्प बस. नको होतं म्हणायला.

भज्यांच्या वेळेला चौकातल्या मंडपाचा भोंगा सुरू झाला. तेल तापलं की नाही ते मी आवाजावर ओळखते. पिठाचा थेंब टाकायचा, चुर्र होतं, मग आवाज बारीक होत जातो. काही म्हणजे काही ऐकू येईना. दादाला म्हटलं बंद करायला सांग. म्हणाला, गणपतीत कसं सांगणार. लोकांना अंधार होतो तसा मला तेव्हा झाला. पहिला घाणा आत कच्चा. काकूंनी एक फोडून पाहिलं आणि नुसता सुस्कारा टाकला. मग झाऱ्याची लाकडी मूठ धरून झारा तेलात बुडवला. तेल उकळतं तेव्हा मुठीला बारीक कंप येतो, भजी होत आली की तो मंदावतो. त्यावर काढली. चांगली झाली. कोणाला सांगू हे?

नैवेद्य दाखवला. पानं वाढली.

माझ्या पानात आमटी वाढली, भुरकली. खारट. तोंडात धरवेना. नानांनी पाण्याचा तांब्या दोनदा मागितला. कोणीतरी म्हणालं, "पोळ्या सुरेख झाल्यात हो." सगळ्यांनी लगेच हो हो केलं. म्हणजे बाकीचं काय ते समजायचं.

उठून वाट्या चाचपल्या. पाचही उपड्या. मी एकदाच घातलं होतं.

काकूंना विचारलं. म्हणाल्या, "तू फोडणीत गुंतली होतीस, मीठ राहिलं असं वाटलं. थोडं टाकलं."

"मला विचारायचं होतं."

"सणाच्या दिवशी वाद नको, कुसुम."

नाना म्हणाले, झालं गेलं.

शु. ९, सोमवार

गौरी गेल्या. शेजारच्या मावशी हळदीकुंकवाला आल्या होत्या. माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, तुझ्या हातून दोनदा मीठ पडलं म्हणे, चालायचंच गं, केलंस हेच खूप. म्हणजे गावभर झालं. काकू शेजारीच बसल्या होत्या. बांगड्यांचा आवाज आला, तोंडातून शब्द नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि नानांनी खाकरून विषय बदलला.

मनगटाला फोड आलाय. कण्हत लिहिते.

शु. १०, मंगळवार

आई न्हाली, आत आली. मी सगळं सांगितलं, वाट्यांसकट. ऐकून घेतलं. म्हणाली, "नैवेद्याच्या आमटीची चव घेता येत नाही, मलाही कळलं नसतं." मग, "काकूला मी विचारीन." विचारेल? बाजूला बसली होती तेव्हा तिचा आवाज घरभर होता, आता आत आल्यावर हळू बोलते.

रविवारी तिला गप्प बस म्हटलं होतं, त्याबद्दल काही म्हणावं असं मनात होतं. राहिलं.

शु. ११, बुधवार

काकूंचा निरोप, दादाकरवी. अनंत चतुर्दशीला त्यांच्याकडे मुलीला पाहायला मंडळी येणार, मनगट अजून वळत नाही. "कुसुमला म्हणावं पोळ्या करायला ये, चाळीस. तिच्यासारख्या कडेपर्यंत पुरणाच्या कुणाला जमत नाहीत. आमटीचं मी पाहीन."

दादा हसत होता. त्याला वाटलं मला आनंद होईल. झालाही, शेवटच्या वाक्यापर्यंत.

आई विचारत्ये काय कळवायचं. म्हटलं, सांगते. शनिवारला अजून तीन दिवस आहेत. जायचं तर आमटीही मीच करीन असं म्हणायचं आहे. तोंडावर म्हणता येईल का, ते बघू.